पाच वॅटचं काम, चोवीस वॅटचा पंप

‘यंदा खर्च दहा टक्क्यांनी खाली आणा’ असा आदेश वरून आला की कारखान्यात पुढे काय होतं, हे वस्तू बनवणाऱ्या कुणालाही पाठ असतं. खरेदी विभाग व्हेंडरांना बोलावून रेट घासतो. डिझाइनवाले प्लास्टिकची जाडी पाव मिलिमीटरने उतरवतात. आणि सगळ्यांत आधी कात्री लागते ती ज्याच्या बाजूने कुणी भांडायला येणार नाही अशा भागाला. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात हा भाग म्हणजे खांद्यावरचा पट्टा. दोन इंची पट्टा दीड इंची होतो, आतला फोम निघतो, सत्तर रुपयांचा पट्टा पन्नासात येतो. अहवालात नगामागे वीस रुपयांची बचत दिसते. सोळा लिटर पाणी आणि पाच-सहा किलोचा पंप, म्हणजे बावीस किलोच्या आसपासचा बोजा घेऊन सरींमधून चालणाऱ्या माणसाच्या खांद्यात तो पट्टा रुततो. तो माणूस त्या बैठकीला नसतो.

व्हॅल्यू इंजिनीअरिंगची सुरुवात या बैठकीपासून फारकत घेऊन होते. ‘हा भाग स्वस्त कसा होईल?’ हा प्रश्न ती आधी विचारतच नाही. ‘हा भाग कोणतं काम करतो, त्या कामाला आज किती पैसे पडतात, आणि वापरणाऱ्याच्या लेखी त्या कामाची किंमत किती?’ असे तीन प्रश्न ती विचारते. भागाकडे बघण्याऐवजी कामाकडे बघायचं, एवढाच फरक आहे. पण या फरकाने हिशेब कसा उलटापालटा होतो, ते एका पंपावरच पाहू. फवारणी पंप निवडण्याचं कारण इतकंच, की महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत तो घरोघरी दिसतो आणि त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांनी बघून समजतो. पुढचे रुपयांचे आकडे उदाहरणापुरते धरलेले, गोल केलेले आहेत. प्रत्यक्षात ते कारखान्यागणिक बदलतील, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

ही रीत आली अमेरिकेतून. दुसऱ्या महायुद्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीला कच्च्या मालाची सतत चणचण भासत होती. ठरलेला माल मिळेना, म्हणून मिळेल त्या दुसऱ्या मालावर काम भागवावं लागायचं. युद्ध संपल्यावर कंपनीच्या खरेदी विभागाचे प्रमुख हॅरी अर्लिकर यांच्या लक्षात आलं, की नाइलाजाने स्वीकारलेल्या या पर्यायांपैकी बरेच स्वस्त तर होतेच, शिवाय काही आधीच्यापेक्षा चांगले निघाले होते. मग हे नाइलाज नसतानाही जमायला काय हरकत आहे? त्यांनी हा प्रश्न खरेदी विभागातलेच एक विद्युत अभियंता लॉरेन्स माइल्स यांच्याकडे सोपवला आणि 1947 मध्ये माइल्स यांनी त्याची पद्धत बांधायला घेतली. त्या काळचा अॅस्बेस्टॉसचा किस्सा या क्षेत्रात आजही सांगतात. रंगकामाच्या ठिकाणी रंग ठिबकतो तिथे जमिनीवर अंथरायला अॅस्बेस्टॉसचे तक्ते हवे होते आणि ते मिळत नव्हते. ‘तक्त्याचं काम काय?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ठिबकलेला रंग झेलणं आणि आग लागू न देणं. हे काम करणारा न पेटणारा कागद बाजारात मिळत होता आणि तो कितीतरी स्वस्त होता. अडचण एवढीच होती, की आगीच्या नियमात अॅस्बेस्टॉसचं नाव घालून ठेवलेलं होतं. आधी नियम बदलावा लागला, मग कागद आला. 1954 मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाज विभागाने ही पद्धत उचलली आणि तिथूनच ‘व्हॅल्यू इंजिनीअरिंग’ हे नाव रुळलं.

आता आपला पंप उघडू. त्याचा कारखान्यातला खर्च धरू दोन हजार रुपये. त्यात सगळ्यांत महाग बॅटरी: 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची शिशाची बंद बॅटरी, पाचशे रुपये. टाकी, तिचं झाकण, तोंडावरची जाळी आणि तळाचा साचा मिळून चारशे वीस. मोटर आणि डायफ्रॅम पंप, त्याच्या प्रेशर स्विचसह, तीनशे चाळीस. नळी, गन आणि दांडी एकशे नव्वद. चार्जर एकशे तीस. वायरी, बटण आणि व्होल्टमीटर एकशे दहा. खोका नव्वद, जोडणी आणि तपासणीची मजुरी नव्वद, पट्टे सत्तर आणि चार नोझलांचा संच साठ. ही झाली बिल ऑफ मटेरियल, कोणत्याही कारखान्यात तयार मिळणारी यादी. तिच्याकडे बघून सुचतात त्या कल्पना नेहमीच्याच: बॅटरी दुसऱ्या व्हेंडरकडून घ्या, टाकी पातळ करा, नोझल चारऐवजी तीन द्या.

दुसरी यादी कामांची. प्रत्येक काम दोनच शब्दांत लिहायचं, एक नाम आणि एक क्रियापद, असा माइल्स यांचा दंडक होता. द्रावण साठवणं. ऊर्जा पुरवणं. दाब निर्माण करणं. थेंब बनवणं. प्रवाह रोखणं. कचरा अडवणं. वजन पेलणं. दंडक जाचक वाटतो खरा, पण त्याने विचारातली ढिलाई निघून जाते. ‘बॅटरी पंपाला व्यवस्थित चालवते’ असं लिहिलं की डोक्यात बॅटरीच राहते. ‘ऊर्जा पुरवणं’ लिहिलं की किती ऊर्जा, कशासाठी, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. या कामांपैकी एक मुख्य असतं, ज्यासाठी माणूस वस्तू विकत घेतो. इथे ते ‘थेंब बनवणं’. बाकीची सगळी कामं त्या एका कामाच्या सेवेला आहेत.

मग दोन याद्या एकमेकींवर ठेवायच्या. कागदाच्या डाव्या बाजूला भाग, वरच्या ओळीत कामं, आणि प्रत्येक भागाचा खर्च तो जी कामं करतो त्यांच्यात वाटून द्यायचा. बॅटरीचे पाचशे पूर्णपणे ऊर्जेकडे जातात. टाकीचं तसं नाही. तिच्या चारशे वीसपैकी दोनशे तीस द्रावण साठवायला, वीस जाळीमुळे कचरा अडवायला, पन्नास पाठीला टेकणाऱ्या आकारामुळे वजन पेलायला, ऐंशी तळाच्या कप्प्यामुळे बॅटरी-मोटर सांभाळायला आणि चाळीस रंग-स्टिकरमुळे गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायला. ही वाटणी एकट्याने करायची नसते. डिझाइन, खरेदी, उत्पादन, विक्री आणि दुरुस्ती या पाचही विभागांचा एकेक माणूस टेबलाशी हवा, कारण कप्पा नेमका कशासाठी खोल ठेवला आहे, हे कित्येकदा दुरुस्तीवाल्यालाच ठाऊक असतं. वाटणीत पाच-दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही. चित्र ठळक दिसलं की पुरे.

आपल्या पंपाचं चित्र असं निघतं. बॅटरी, चार्जर आणि वायरींचा मोठा हिस्सा मिळून ऊर्जा पुरवण्याचे सहाशे नव्वद रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून थोडे जास्त. दाब निर्माण करायला तीनशे, म्हणजे पंधरा टक्के. वजन पेलायला पट्टे आणि पाठीचा आकार धरून एकशे वीस, म्हणजे सहा टक्के. थेंब बनवायला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, साठ रुपये, म्हणजे तीन टक्के. कचरा अडवायला वीस रुपये, एक टक्का.

ही झाली खर्चाची बाजू. आता वापरणाऱ्याची बाजू काढायची, आणि इथे पहिला सापळा असतो. पंप विकत घेतो शेताचा मालक, पण तो पाठीवर घेतो बहुतेकदा मजूर. दुकानात किंमत, गॅरंटी आणि टाकीचा रंग बोलतात. शेतात पट्टा, नोझल आणि गळती बोलतात. एकालाच विचारलं तर अर्धंच उत्तर मिळतं. शिवाय ‘तुम्हाला काय काय हवंय?’ असं मोकळं विचारलं की कुणीही ‘सगळं’ म्हणणार. म्हणून शंभर गुण हातात द्यायचे आणि कामांवर वाटायला सांगायचे. एकाला जास्त दिले तर दुसऱ्याचे घटतात, त्यामुळे माणसाला निवड करावीच लागते.

विचारण्यापेक्षाही उपयोगी पडतं ते नुसतं बघणं. फवारणी चालू असताना बांधावर उभं राहिलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली, पट्ट्याखाली दुमडून घातलेला टॉवेल किंवा पोत्याचा तुकडा. पंपाने न केलेलं काम माणसाने स्वतःच्या खर्चाने करून घेतलं आहे, याचा तो पुरावा. दुसरी गोष्ट अधिक काळजीची. फवारा एका बाजूला झुकतो, नोझल तुंबलेलं असतं, माणूस ते काढतो, काडीने टोकरतो आणि कधी तोंडाला लावून फुंकतो. त्या नोझलमधून नुकतंच कीटकनाशक गेलेलं असतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्यामागे कारणं अनेक होती. पण खर्च कमी करायला बसलेल्या माणसाने जाळी, झाकणाचं वायसर आणि नळीचे जोड यांना ‘किरकोळ भाग’ म्हणणं बंद करावं, एवढं तरी त्यातून नक्की निघतं. ही कामं गुणांच्या खेळात धरायचीच नसतात. सुरक्षेची कामं आधी बाजूला काढून ठेवायची आणि त्यांचा दर्जा फक्त वर जाऊ शकतो, असं ठरवूनच पुढे जायचं.

उदाहरणासाठी गुण असे धरू: बॅटरी दिवसाचं काम उरकेपर्यंत टिकण्याला पंचवीस, पाठ-खांदा न दुखण्याला वीस, बारीक आणि सारख्या थेंबांना वीस, न तुंबण्याला दहा, टाकी न गळण्याला दहा, दाबाला दहा आणि उरलेल्या सगळ्याला मिळून पाच. हे गुण खर्चाच्या टक्क्यांशेजारी ठेवले की विसंगती ओरडून सांगते. वजन पेलण्याला वीस गुण आणि खर्च सहा टक्के. न तुंबण्याला दहा गुण आणि खर्च एक टक्का. उलट ऊर्जा आणि दाब या दोघांना मिळून पस्तीस गुण, पण खर्च जवळजवळ पन्नास टक्के.

इथे घाई करून चालत नाही. खर्च कमी आणि गुण जास्त म्हणजे तिथे पैसे ओतायलाच हवेत, असा अर्थ नेहमी निघत नाही. साठ रुपयांचं नोझल जर थेंब उत्तम बनवत असेल, तर तो फायद्याचा सौदा आहे, त्याला हात लावू नये. ते काम नीट होतंय की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. नोझलसाठी तपासणी सोपी आहे: नव्या नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडतं ते मापाच्या भांड्यात मोजायचं, हंगाम वापरलेल्या नोझलमधून किती पडतं तेही मोजायचं. दहा टक्क्यांहून जास्त वाढलं असेल तर भोक झिजलं आहे, थेंब मोठे पडतायत आणि महागडं औषध पानावरून ओघळून मातीत जातंय. पट्ट्याचा पुरावा तर टॉवेलनेच दिलेला आहे. म्हणजे या दोन ठिकाणी कमी खर्च हा सौदा नव्हे, ती उणीव आहे.

दुसऱ्या टोकाला ऊर्जेचे सहाशे नव्वद रुपये आहेत. नेहमीच्या पद्धतीने इथे बॅटरीचा व्हेंडर बदलला जातो. पन्नास रुपये स्वस्त बॅटरी मिळतेही. तिच्यावर 8 अँपिअर-तास असं छापलेलं असतं, आत शिसं कमी असतं, दुसऱ्या हंगामात ती दोन टाक्यांतच बसते आणि वाचलेल्या पन्नास रुपयांच्या कित्येक पट रक्कम गॅरंटीच्या बदलीत जाते. बॅटरी महाग का, हा प्रश्न इथे चुकीचा आहे. एवढी बॅटरी लागते का, हा खरा प्रश्न.

तो सोडवायला चार्ल्स बायथवे या अभियंत्याने 1960च्या दशकात बसवलेली एक आकृती कामी येते. तिला फास्ट आकृती म्हणतात. कामं एका रेषेत मांडायची. डावीकडे सरकताना प्रत्येक वेळी ‘का?’ विचारायचं, उजवीकडे सरकताना ‘कसं?’ विचारायचं. ऊर्जा का पुरवायची? दाब निर्माण करायला. दाब का? थेंब बनवायला. आता मुख्य कामापासून उलट येऊ. थेंब कसे बनतात? दाबाने. किती दाब? साध्या कोन नोझलला तीन बारच्या आसपास पुरतो. किती पाणी? मिनिटाला साधारण एक लिटर. दाब आणि प्रवाह माहीत असले की लागणारी शक्ती शाळेतल्या पदार्थविज्ञानाने निघते. मिनिटाला एक लिटर पाणी तीन बार दाबाने ढकलायला फक्त पाच वॅट लागतात.

आपल्या पंपाची मोटर 12 व्होल्टवर दोन अँपिअर घेते. म्हणजे चोवीस वॅट.

उरलेले एकोणीस वॅट कुठे जातात? थोडे मोटरच्या आणि डायफ्रॅमच्या घर्षणात जाणारच, ते टळत नाहीत. पण मोठा वाटा जातो पंपाच्या आकारात. हा पंप मिनिटाला तीन-चार लिटर ढकलू शकतो, नोझल सोडतं एक लिटर. जास्तीचं पाणी पंपाच्या आतच गोल फिरत राहतं किंवा प्रेशर स्विच मोटर सतत बंद-चालू करत राहतो, आणि दर वेळी चालू होताना मोटर जास्त करंट ओढते. म्हणजे बॅटरीची किंमत बॅटरीने ठरवलेली नाही, ती पंपाच्या निवडीने ठरवली आहे. पंप कुणी निवडला? बहुधा बाजारात तोच सहज मिळत होता आणि ‘असू दे जरा जादा’ म्हणून घेतला. भागांच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे बॅटरी आणि पंप या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि दोन्हींचे रेट आपापल्या जागी रास्त आहेत.

आता नोझलच्या गरजेला जुळणारा लहान पंप घेऊ, मिनिटाला दीड लिटरपर्यंत ढकलणारा. तो तीन बारवर सव्वा अँपिअरच्या आत चालतो असं धरू, म्हणजे साधारण 1.2. जुनी मोटर दोन अँपिअर घेत होती आणि 8 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी एवढ्या वेगाने रिकामी करताना छापील क्षमतेच्या पाऊण हिश्शाच्या आसपासच देते, त्यामुळे फवारणी चालायची सुमारे तीन तास. नव्या मोटरला तीन तासांसाठी साडेतीन अँपिअर-तास लागतात. तेवढे 5 अँपिअर-तासांची बॅटरी देते. म्हणजे वापरणाऱ्याच्या हातात तेच तीन तास पडले, त्याच्या लेखी काही कमी झालं नाही. बॅटरी पाचशेऐवजी तीनशे चाळीसला आली, पंप पन्नासने उतरला, चार्जर लहान चालला म्हणून तोही तीसने उतरला. आणि पाठीवरचं वजन अर्ध्या किलोहून जास्त घटलं, जे कुणी मागितलंही नव्हतं.

एक लहान गोष्ट व्होल्टमीटरची. त्यावर 11.8 असा आकडा दिसतो. शेतात उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा काय सांगतो? त्याला एवढंच हवं असतं, की पुढची टाकी भरावी की घरी जावं. काम लिहिलं होतं ‘आकडा दाखवणं’, खरं काम आहे ‘शिल्लक कळवणं’. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे ते अधिक चांगलं करतात आणि पंचवीस रुपये वाचतात. खोक्याची छपाई चार रंगांऐवजी दोन रंगांत केली, पंधरा रुपये वाचले. टाकीच्या रंगाला मात्र हात लावला नाही. दुकानाबाहेर रांगेत मांडलेल्या पंपांतून मालक लांबून जो ओळखतो तो रंगावरूनच. लक्ष वेधणं हेही एक काम आहे, आणि त्याला अभियंत्यांनी नाक मुरडू नये.

एकूण वाचले दोनशे ऐंशी. यातले एकशे पाच रुपये परत पंपातच घालायचे. पट्टा सत्तरऐवजी एकशे तीसचा: रुंद, फोमचा, छातीवर बांधायच्या आडव्या पट्टीसह, म्हणजे वजन खांद्यावरून घसरत नाही. टाकीच्या तोंडाची जाळी बारीक छिद्रांची आणि खोल, पंधरा रुपये जास्त. गनच्या मुठीत आणखी एक लहान गाळणी, पंधरा रुपये. आणि चार हलक्या नोझलांऐवजी, ज्यांतली दोन बहुतेकांच्या पिशवीतून बाहेरच येत नाहीत, कमी झिजणाऱ्या टोकाची दोन चांगली नोझलं, त्यांना पंधरा रुपये जास्त. उरली निव्वळ बचत एकशे पंचाहत्तर.

कागदावर सगळं जमलं, आता मोडतोड कुठे होते ते बघायचं. पहिली अडचण मोजपट्टी लावताच समोर येते. सर्रास मिळणारी 8 अँपिअर-तासांची बॅटरी साधारण 151 मिलिमीटर लांब आणि 65 रुंद असते. 5 अँपिअर-तासांची 90 लांब, पण 70 रुंद. क्षमतेने लहान असूनही ती रुंदीला पाच मिलिमीटर मोठी आहे आणि जुन्या कप्प्यात बसतच नाही. साच्यात बदल करावा लागतो. त्याला साठ हजार रुपये धरले आणि वर्षाला बारा हजार पंप निघत असतील, तर पहिल्या वर्षी नगामागे पाच रुपये पडतात. बचत एकशे सत्तरवर आली, पंप अठराशे तीसला पडला. पण वर्षाला पाचशेच पंप बनवणाऱ्या लहान कारखान्याला हेच साठ हजार नगामागे एकशे वीस रुपयांना पडतील, आणि त्याने हा बदल पुढच्या साच्यापर्यंत थांबवलेला बरा. व्हॅल्यू इंजिनीअरिंगचं कोणतंही उत्तर नगांच्या संख्येपासून सुटं नसतं. म्हणूनच साचा कापायच्या आधी, डिझाइन कागदावर असताना हा अभ्यास केला तर तो सर्वांत स्वस्त पडतो. साचे, व्हेंडर आणि सुट्या भागांचा साठा एकदा ठरला, की प्रत्येक बदलाला दंड भरावा लागतो.

दुसरी अडचण मोजपट्टीने सापडत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतला खरा धोका तोच आहे. पीक मोठं झाल्यावर काही शेतकरी दांडीला दोन नोझलांचा जोड लावतात, एका फेरीत जास्त रान उरकतं म्हणून. दोन नोझलांना मिनिटाला दोन लिटर लागतात. जुना अवाढव्य पंप ते सहज देत होता. नवा दीड लिटरचा पंप देत नाही: दाब पडतो, थेंब मोठे होतात, फवारा मरगळतो. ज्याला आपण वाया जाणारी क्षमता म्हटलं, ती या माणसाच्या लेखी एक सोय होती. कामांच्या यादीत ती आली नाही, कारण पंपाच्या माहितीपत्रकात ती कुठेच लिहिलेली नव्हती आणि गुण वाटायला बसवलेल्या लोकांत असा शेतकरी नव्हता. कपात केलेली गोष्ट वापरणाऱ्यालाच आधी समजते, कारखान्याला ती समजते विक्री घसरल्यावर. म्हणून यादी पूर्ण झाली असं वाटल्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा: लोक ही वस्तू आपण सांगितली नाही अशा कोणत्या रीतीने वापरतात? त्याचं उत्तर टेबलाशी मिळत नाही. ते दुरुस्तीच्या दुकानात मिळतं, जिथे जोडलेले, वाकवलेले, कापलेले भाग परत येतात.

अशा गिऱ्हाइकांचं काय करायचं, हा निर्णय मग तंत्राचा राहत नाही. ते थोडे असतील तर जुना पंप-बॅटरी संच वेगळं मॉडेल म्हणून चालू ठेवता येतो आणि खोक्यावर ‘दोन नोझलांसाठी’ असं स्पष्ट लिहिता येतं. ते बरेच असतील तर मिनिटाला सव्वादोन लिटरचा मधला पंप घ्यावा लागेल, करंट दीड अँपिअरच्या पुढे जाईल आणि 5ची बॅटरी तीन तास पुरणार नाही. बचतीतला मोठा भाग गेला तरी तो तसाच जाऊ द्यावा. काय करू नये, ते मात्र पक्कं आहे: एकच लहान पंप सगळ्यांना विकून ‘दोन नोझल लावू नका’ अशी सूचना बारीक अक्षरांत छापणं.

नवा पंप बाजारात सोडायच्या आधी जुन्या आणि नव्याचे काही नग एकाच शेतात, एकाच हंगामात, वेगवेगळ्या माणसांच्या पाठीवर चालवायचे. रोज किती टाक्या झाल्या, दांडीच्या टोकाला किती दाब होता आणि नोझल कितीदा उघडावं लागलं, याची नोंद ठेवायची. बॅटरी नवी असताना तीन तास चालली यावर थांबायचं नाही. शिशाची बॅटरी वापरासोबत उतरत जाते, त्यामुळे दोनेकशे वेळा चार्ज झालेल्या जुन्या आणि नव्या बॅटऱ्या शेजारी ठेवून पुन्हा वेळ मोजायचा. लहान पंप तीन तास जवळजवळ अखंड फिरतो, तर मोठा स्विचमुळे मधूनमधून थांबत होता, म्हणून डायफ्रॅम आणि मोटरचे ब्रश किती झिजले ते पंप उघडून बघायचं. पुढच्या वर्षी गॅरंटीच्या नोंदवहीत तीन ओळी वेगळ्या काढायच्या: दाब येत नाही, बॅटरी टिकत नाही, नोझल तुंबतं. तिसरी ओळ घटली आणि पहिल्या दोन होत्या तिथेच राहिल्या, तर एकशे सत्तर रुपये खरोखर वाचले. पहिली ओळ वाढलेली दिसली, तर तक्रार करणाऱ्यांच्या दांडीला किती नोझलं आहेत, ते आधी जाऊन मोजायचं.